फिल्मवर आधी कॅरिना शोधा, मग नळ्या

प्रश्न: "जीएनएम होऊन आठ महिने झाले. रत्नागिरीजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला आहे. रात्री रेडिओलॉजिस्ट नसतात. पोर्टेबल एक्स-रे निघतो, आरएमओ दुसऱ्या पेशंटपाशी अडकलेले असतात आणि 'सिस्टर, ट्यूबा बघून घ्या, ठीक असतील तर फीड लावा' म्हणतात. मला फिल्मवर दोऱ्याच दोऱ्या दिसतात. ईटी, रायल्स आणि सेंट्रल लाइन नीट आहेत हे ओळखायचं कसं?"

टोक शोधायला गेलं की दोऱ्याच दोऱ्या दिसतात. टोक बहुतेक वेळा हृदयाच्या किंवा मणक्यांच्या पांढऱ्या सावलीत हरवलेलं असतं. म्हणून टोकापासून सुरुवात करू नका. नळी शरीरात जिथून शिरते तिथून बोटाने तिचा माग धरा, खाली या, आणि प्रत्येक नळीला एकच प्रश्न विचारा: कॅरिनापाशी ही काय करतेय?

कॅरिना म्हणजे श्वासनलिका उजव्या आणि डाव्या ब्रॉन्कसमध्ये दुभंगते ती जागा. ईटी ट्यूबने कॅरिनाच्या वर थांबायचं असतं. रायल्सने कॅरिना सरळ ओलांडून मधोमध खाली जायचं असतं. सेंट्रल लाइनचं टोक कॅरिनाच्या उजव्या अंगाला, त्याच पातळीला किंवा जरा खाली असायचं असतं. नळ्या तीन, खूण एक. ही खूण सापडेपर्यंत मी तिन्ही नळ्यांबद्दल काही बोलत नाही.

दोन गोष्टी आधीच मोकळेपणाने सांगते. फिल्म पाहून शंका काढणं, फीड थांबवून ठेवणं, डॉक्टरांना बोलावणं हे तुमचं काम आहे. "ठीक आहे, वापरा" हा निर्णय डॉक्टरांचा आहे, आणि तो नोट्समध्ये लिहिलेला हवा. तोंडी "बघून घ्या" यावर दूध चढवू नका. दुसरं असं की ईटी ट्यूब श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत, हा प्रश्न फिल्मला विचारायचाच नाही. अन्ननलिका श्वासनलिकेच्या मागेच असते, त्यामुळे समोरून काढलेल्या फिल्मवर चुकीच्या जागची ट्यूबसुद्धा बरोबर जागी असल्यासारखी दिसू शकते. त्याचं उत्तर कॅपनोग्राफ देतो, तेही ट्यूब टाकल्याबरोबर. एक्स-रेची वाट बघत बसायची ती गोष्ट नव्हे. फिल्म सांगते ती खोली: ट्यूब फार आत गेलीय की फार वर राहिलीय.

आता फिल्म निघण्याआधीचं. नर्सच्या हातात सगळ्यात जास्त असतं ते इथेच. टेक्निशियन मशीन ढकलत आला की पाच मिनिटांत सगळं उरकतं, म्हणून तो यायच्या आत छातीवरच्या ईसीजीच्या वायरी कडेला करा, व्हेंटिलेटरची सर्किट बाजूला घ्या, रायल्सचा बाहेरचा भाग छातीवर लोळत असेल तर उचलून खांद्यापलीकडे ठेवा. बाहेर पडलेली नळी फिल्मवर आतल्यासारखीच दिसते आणि नंतर उगाच अर्धा तास वाद होतो. मावशींच्या मदतीने पेशंट सरळ करा, डोक्याखालची उशी काढा, मान मधोमध ठेवा. मग तीन आकडे कागदावर लिहा: ईटी दातांशी किती सेंटिमीटरवर आहे, रायल्स नाकपुडीशी किती, सेंट्रल लाइन त्वचेशी किती. हे आकडे नसतील तर फिल्म नुसती चित्र राहते, तिच्यावरून पुढे काही करता येत नाही. टेक्निशियनला सांगा, हनुवटीची खालची कडही आली पाहिजे आणि पोटाचा वरचा भागही. एका फिल्ममध्ये मावत नसेल तर दुसरी खालची काढायची.

कॅरिना शोधायची सोपी रीत अशी. गळ्याच्या मध्यावरून श्वासनलिकेचा काळा पट्टा खाली येतो, तो धरून उतरा. डाव्या बाजूला एओर्टिक नॉब, म्हणजे महाधमनीच्या कमानीचा गोल फुगवटा दिसतो. त्याच्या खालच्या कडेच्या आसपास काळा पट्टा दुभंगतो. तिथे दिसत नसेल तर उलटं या: डाव्या ब्रॉन्कसची खालची कड शोधा आणि ती मध्याकडे वर चढत न्या, उजवीचंही तसंच करा, दोन्ही जिथे भेटतात ती कॅरिना. फुप्फुसं पांढरी झालेली असतील तर नवख्यांना वाटतं आता काही दिसणार नाही. खरं तर पांढऱ्यात काळे ब्रॉन्कस कधीकधी जास्तच उठून दिसतात. काहीच जमलं नाही तर मणके मोजा. पहिली बरगडी ज्याला जोडलेली तो छातीचा पहिला मणका, तिथून खाली. झोपलेल्या मोठ्या माणसाच्या फिल्मवर कॅरिना बहुतेक वेळा छातीच्या पाचव्या ते सातव्या मणक्याच्या दरम्यान येते. म्हणजे कॅरिना दिसलीच नाही आणि ईटीचं टोक तिसऱ्या-चौथ्या मणक्यावर असेल, तर बहुधा काळजी नाही.

अंतर मोजताना एक फसगत होते ती सांगते, कारण लहान हॉस्पिटलांत ती हमखास होते. डिजिटल एक्स-रेची प्रिंट बऱ्याच ठिकाणी छोट्या फिल्मवर काढतात, म्हणजे छाती आक्रसून छापली जाते. त्यावर पट्टी ठेवून "तीन सेंटिमीटर" म्हटलं तर ते पेशंटच्या अंगातले तीन सेंटिमीटर नसतात, जास्त असतात. कॉम्प्युटरवर मोजता येत असेल तर उत्तम. नसेल तर मणक्याचं माप वापरा. छातीच्या वरच्या भागात एक मणका आणि त्याखालची चकती मिळून साधारण दोन सेंटिमीटर, तर खाली डायफ्रॅमजवळ तेच तीनाच्या आसपास. प्रिंट लहान झाली तर मणकाही त्याच प्रमाणात लहान होतो, त्यामुळे हे माप फसत नाही. हा ढोबळ हिशेब आहे, पण टोक दोन सेंटिमीटरवर आहे की पाचावर, एवढं कळायला पुरतो.

आता एक फिल्म घेऊ. कल्पनेतली आहे, पण पावसाळ्यात आपल्याकडे अशी येतेच. जुलै महिना, लावणीच्या चिखलात राबलेला चाळिशीचा गृहस्थ, ताप, कावीळ, थुंकीतून रक्त, लेप्टोचा संशय. दम वाढला म्हणून आठ नंबरची ईटी टाकली, दातांशी २३ सेंटिमीटरवर बांधली. उजव्या मानेतून ट्रिपल ल्युमेन, त्वचेशी १५. रायल्स १६ नंबर, नाकपुडीशी ५०. फिल्मवर दोन्ही फुप्फुसांत पांढरे पुंजके. ईटीचं टोक कॅरिनाच्या वर जेमतेम एक मणका, म्हणजे दोन सेंटिमीटर.

पुस्तक सांगतं की मान सरळ असताना टोक कॅरिनाच्या वर तीन ते सात सेंटिमीटर असावं, पाच उत्तम. मग दोन कमी आहेत, ट्यूब वर घ्यायला सांगायचं का? इथे थांबा आणि हनुवटी बघा. मान सरळ असेल तर खालच्या जबड्याची कड गळ्याच्या पाचव्या-सहाव्या मणक्यावर पडते. या फिल्मवर ती छातीच्या दुसऱ्या मणक्यावर आहे. याचा अर्थ फिल्म काढताना उशी राहून गेली होती आणि मान पुढे वाकलेली होती. आणि ईटीचा नियम सरळ आहे: हनुवटी खाली तर ट्यूब खाली, हनुवटी वर तर ट्यूब वर. साधारण दोन-दोन सेंटिमीटर.

म्हणजे या गृहस्थांची ट्यूब मान वाकलेली असताना दोनावर आहे, मान सरळ केली की चारावर जाईल आणि मागे गेली की सहावर. चांगली आहे. हलवायची नाही. उशी काढायची, मान सरळ ठेवायची, २३ चा आकडा कायम. घाईघाईत दोन सेंटिमीटर वर घेतली असती, तर उद्या तोंडाची काळजी घेताना मान मागे गेल्यावर ती आठावर गेली असती. मग कफ स्वरयंत्रापाशी येतो, हवा गळायला लागते, आणि पुढची पायरी म्हणजे ट्यूब आपोआप बाहेर.

आता तेच दोन सेंटिमीटर, पण हनुवटी फिल्मच्या वर निघून गेलेली, म्हणजे मान मागे टाकलेली. इथे मान सरळ झाली की टोक कॅरिनावर टेकेल आणि पुढे वाकली की उजव्या ब्रॉन्कसमध्ये शिरेल. ही ट्यूब डॉक्टरांना सांगून लगेच वर घ्यायला हवी. आकडा तोच, पण एकीला हात लावायचा नाही आणि दुसरीला थांबायचं नाही. म्हणूनच हनुवटी फिल्ममध्ये हवी, असं मी वर म्हटलं.

ट्यूब आत गेलीच तर बहुतेक वेळा उजवीकडेच का जाते, हेही कळलं पाहिजे. उजवा ब्रॉन्कस जास्त उभा आणि आखूड, डावा जास्त आडवा आणि लांब. खाली घसरणाऱ्या नळीला उजवी वाट सरळ पडते. मग डावं फुप्फुस हवेविना पांढरं होत जातं आणि हृदयाची सावली डावीकडे ओढली जाते. टोक अजून खोल गेलं तर उजव्या वरच्या खंडाचंही तोंड बंद होतं आणि तोही पांढरा दिसतो. लेप्टोच्या पेशंटमध्ये फुप्फुसं आधीच पांढरी, त्यामुळे "आजार वाढला" असं समजून हे निसटतं. त्या वेळी दातांशी आकडा बघा. काल २३ होता आणि आज २६ असेल तर आजाराच्या आधी ट्यूबवर संशय घ्या. जाता जाता कफकडेही नजर टाका: तो श्वासनलिकेच्या भिंतींना बाहेर ढकलताना दिसत असेल तर जास्त फुगलाय. प्रेशर मोजून २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दरम्यान आणायचा.

रायल्सकडे वळू. माझ्या मते नव्या सिस्टरच्या हातून सगळ्यात मोठं नुकसान होऊ शकतं ते इथेच, कारण ईटी चुकली की मॉनिटर ओरडतो, रायल्स चुकली तर कोणी ओरडत नाही. शुद्धीवरचा पेशंट खोकून निषेध तरी करतो. व्हेंटिलेटरवरचा झोपेच्या औषधाखाली असतो, खोकतही नाही. आणि "ईटीचा कफ फुगलाय, आता रायल्स श्वासनलिकेत कशी जाईल" हा गैरसमज डोक्यातून काढा. बारीक नळी कफच्या कडेने सरकून आत जाते. त्यानंतर दोनशे मिली दूध थेट फुप्फुसात.

फिल्मवर चार गोष्टी बघतात. नळी छातीत मधोमध उतरते का, कॅरिना छेदून सरळ जाते का, डायफ्रॅम मध्याजवळ ओलांडते का, आणि टोक डायफ्रॅमच्या खाली डावीकडे प्रत्यक्ष दिसतं का. मी यातल्या दुसरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवते. नळी वळली कुठे, एवढंच विचारा. अन्ननलिकेतली नळी कॅरिनापाशी मधोमध राहते, दोन्ही ब्रॉन्कसना भीक न घालता खाली उतरते आणि डायफ्रॅम ओलांडल्यावर डावीकडे वळते. श्वासमार्गातली नळी कॅरिनापाशीच वळते, कारण तिथे तिला उजवी नाहीतर डावी वाट धरावीच लागते. कॅरिनापाशी वळलेली नळी पुढे कितीही छान जागी दिसली तरी तिच्यावर विश्वास नाही.

"टोक डायफ्रॅमच्या खाली दिसतंय ना, मग पोटातच" असं म्हणून लोक फसतात. डायफ्रॅम घुमटासारखा असतो आणि फुप्फुसाचा मागचा भाग घुमटाच्या मागून बराच खाली उतरतो. समोरून काढलेल्या फिल्मवर तो भाग घुमटाच्या रेषेखाली येतो. म्हणून खालच्या खंडात खोल गेलेल्या नळीचं टोक डायफ्रॅमच्या खाली दिसू शकतं. डाव्या ब्रॉन्कसमध्ये गेली असेल तर ते डावीकडे, अगदी जठराच्या जागी. अशा नळीला पकडायची जागा कॅरिनाच. अपवाद आहेत: हायटस हर्निया, वाकलेला पाठीचा कणा, छातीचं जुनं ऑपरेशन यांत सरळ नळीही वाकडी दिसते. तिथे आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

आपल्या गृहस्थांची रायल्स कॅरिना मधोमध ओलांडून सरळ खाली जाते आणि डायफ्रॅमपाशी फिल्मच संपते. टोक दिसत नाही. आरएमओ म्हणतात, हवा मारून पोटावर आवाज ऐकलाय. तो आवाज पुरावा धरू नका. अन्ननलिकेच्या खालच्या भागातून किंवा फुप्फुसातून आलेला आवाजही पोटाच्या वरच्या भागावर तसाच ऐकू येतो. ओढून पाणी आलं, त्याचा पीएच ५.५ किंवा कमी निघाला तर ती चांगली खूण आहे. पण पीएचची पट्टी आकडा दाखवणारी हवी, नुसता निळा-लाल लिटमस नको. शिवाय आयसीयूत बहुतेकांना पँटोप्रॅझोल चालू असतं, त्यामुळे जठरातल्या पाण्याचाही पीएच वर जातो आणि पट्टी काही ठरवू देत नाही. पेशंटच्या बाबतीत तसंच समजा: पीएच ६ आला. मग उत्तर एकच, खालची फिल्म. तोवर दूध नाही, गोळ्या कुटून नाहीत, पाणीसुद्धा नाही.

दुसऱ्या फिल्मवर टोक दिसलं. रायल्सच्या टोकाशी धातूचे बारीक गोळे असतील तर ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे चटकन सापडतात. टोक जठरात आहे, पण अन्ननलिका जठराला मिळते त्या जागेच्या खाली फक्त एक मणका, म्हणजे तीन सेंटिमीटर. आता लावायचं का दूध? नाही. रायल्सला दूध बाहेर पडायची भोकं टोकाच्या वर काही सेंटिमीटर बाजूंना असतात. टोक तीन सेंटिमीटर आत म्हणजे वरची भोकं अजून अन्ननलिकेत. दूध तिथे सांडेल, वर येईल आणि घशातून खाली उतरेल. टोक त्या जागेच्या पुढे दहा सेंटिमीटर असावं. म्हणून आणखी सात-आठ सरकवायची, नाकपुडीशी ५० चे ५८ करायचे आणि पुन्हा खात्री करायची. सरकवताना ती घशात वेटोळं घालू शकते, तेव्हा टॉर्च मारून तोंडात बघा. रायल्सवर दर सेंटिमीटरला खूण नसते, ठरावीक अंतरावर पट्ट्या असतात. म्हणून नाकपुडीशी पक्क्या शाईच्या मार्करने रेघ मारा आणि टेप रेघ न झाकता लावा. आपल्याकडच्या दमट हवेत आणि घामाने टेप संध्याकाळपर्यंत सुटतो, नळी दोन-चार सेंटिमीटर बाहेर येते आणि टेप जागच्या जागी दिसतो. रेघ खोटं बोलत नाही.

आणि समजा नळी कॅरिनापाशी वळलेली दिसली. मग डॉक्टरांना सांगून ती काढतात, पण काढल्यावर सुटलो असं नाही. फुप्फुसाला भोक पडलं असेल तर नळीच ते बुजवून बसलेली असते. काढली की हवा बाहेर येऊन न्यूमोथोरॅक्स होऊ शकतो. म्हणून काढल्यानंतरही फिल्म हवी.

सेंट्रल लाइनबद्दल थोडक्यात. उजव्या मानेतून आलेली लाइन मणक्यांच्या उजव्या कडेने, शिरेच्या भिंतीला समांतर, गुळगुळीत खाली यायला हवी. वरची महाशीर उजव्या कप्प्याला मिळते ती जागा कॅरिनाच्या साधारण दोन मणके खाली, म्हणजे चारेक सेंटिमीटरवर. कॅरिनापासून तिथपर्यंतची पट्टी आपल्याला हवी. या गृहस्थांचं टोक कॅरिनाच्या तीन मणके खाली आहे, म्हणजे सहा सेंटिमीटर, आणि मॉनिटरवर मधूनमधून एक्टॉपिक ठोके येतायत. टोक कप्प्याच्या आत टोचतंय. डॉक्टर ती निर्जंतुक पद्धतीने दोन-तीन सेंटिमीटर बाहेर घेतील. हे लक्षात ठेवा की लाइन बाहेर ओढता येते, पण बाहेर राहिलेला भाग पुन्हा आत ढकलायचा नाही, तो निर्जंतुक राहिलेला नसतो. म्हणून त्वचेशी नवा आकडा, १२ किंवा १३, ताबडतोब लिहा.

दोन चित्रं दिसली तर हात मागे घ्यायचा. लाइन मणक्यांच्या डावीकडून खाली उतरताना दिसली तर ती धमनीत असू शकते. काही लोकांना डावीकडे जन्मतःच जास्तीची महाशीर असते, तेव्हाही असंच दिसतं. हे प्रेशरची लाट बघून किंवा त्या लाइनमधलं रक्त एबीजीला लावून ठरतं. तोवर त्यातून काहीही चालवायचं नाही, आणि "चुकलीय" म्हणून स्वतः उपटून दाबूनही बसायचं नाही. धमनीतली जाड लाइन काढणं हे सर्जनला विचारून करायचं काम आहे. दुसरं चित्र, डावीकडून टाकलेल्या लाइनचं टोक महाशिरेच्या उजव्या भिंतीवर काटकोनात टेकलेलं. ते भिंत झिजवून आरपार जाऊ शकतं. दूरच्या ल्युमेनमधून रक्त परत येईनासं झालं, तर ते नोरॲड्रेनलिन चालू असलं तरी डॉक्टरांना लगेच सांगा.

आणि सेंट्रल लाइनची फिल्म म्हणजे न्यूमोथोरॅक्सची फिल्मही. झोपलेल्या पेशंटमध्ये हवा वरच्या टोकाला जमत नाही, पुढे आणि खाली जमते. त्यामुळे छातीचा खालचा बाहेरचा कोपरा नेहमीपेक्षा खोल आणि काळाकुट्ट दिसतो. ज्या बाजूला लाइन आहे तिथेच बघून थांबू नका. विचारा, सुई आधी कुठे कुठे टोचली होती? डावीकडे दोनदा प्रयत्न करून शेवटी उजवीकडे लागली असेल, तर धोका डावीकडे आहे.

रात्री फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर रेडिओलॉजिस्टना किंवा कन्सल्टंटना जातो, तेव्हा तो नीट जाऊ दे. व्ह्यू बॉक्सवर फिल्म लावा, खोलीतला दिवा बंद, मोबाईलचा फ्लॅश बंद. आधी पूर्ण फिल्म चारही कडांसकट, मग जवळून दोन फोटो: एक कॅरिनाचा, एक डायफ्रॅमखालचा. फोटोची कड कापली की बहुतेक वेळा रायल्सचं टोक आणि उजवा-डावा हे चिन्हच कापलं जातं. फोटोबरोबर तीन आकडे आणि मान कशी होती हे लिहा. "सर, ट्यूब ठीक आहे का" असं विचारलं की "ठीक वाटतेय" असं उत्तर येतं. "ईटी कॅरिनाच्या वर दोन सेंटिमीटर, मान वाकलेली, दातांशी २३, हलवू का" असं विचारलं की नेमकं उत्तर येतं. आणि पेशंटचं नाव फोटोत जाणार नाही हे बघा.

या गृहस्थांची किडनी बसली आणि डायलिसिससाठी त्यांना आंबा घाटातून कोल्हापूरला हलवायचं ठरलं, तर निघायच्या आधी तिन्ही आकडे पुन्हा बघा. स्ट्रेचरवर उचलताना मान मागे जाते, घाटाच्या वळणांवर डोकं डुलतं, आणि इथली फिल्म तिथे पोहोचेपर्यंत जुनी झालेली असते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना चादरीच्या गुंडाळ्या लावून मान सरळ ठेवा. रायल्स बंद न करता पिशवीला जोडून खाली सोडा आणि फीड निघण्याआधी थांबवा, किती आधी ते डॉक्टरांना विचारून. रेफर नोटवर लिहा: ईटी ८ नंबर दातांशी २३, रायल्स नाकपुडीशी ५८, सेंट्रल लाइन त्वचेशी १२, शेवटची फिल्म अमुक वाजता, मान वाकलेली असताना. पलीकडच्या सिस्टरला ट्यूब २३ ऐवजी २५ वर सापडली, तर फिल्म निघायच्या आधीच तिला कळेल की वाटेत काय झालं.